बटाटा-पालक पुन्हा तापवताय? चूक तापवण्यात नाही, त्याआधीच्या तासांत आहे

गेल्या मे महिन्यात परभणीला आमच्या नात्यात बारसं होतं. पाच किलो बटाट्यांची भाजी सकाळी दहाला तयार झाली. दुपारी एकच्या पंगतीला जेवलेल्या कुणालाच काही झालं नाही. उरलेली भाजी भगुन्यात झाकण लावून ओट्यावरच राहिली. रात्री आठला तीच चांगली तापवून सात जणांनी खाल्ली आणि अकराच्या आत पाच जणांना उलट्या सुरू झाल्या. "बटाटा दुसऱ्यांदा गरम केला की विषारी होतो, मी सांगत होते," मावशी म्हणाल्या.

मावशींची काळजी खरी होती, पण दोष चुकीच्या जागी गेला. शिजलेला बटाटा पुन्हा तापवल्याने त्यात कुठलंही नवं विष तयार होत नाही. भाजीची तपासणी कुणी केली नव्हती, तरी उलट्यांची वेळ बरंच काही सांगते. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या लागल्या, तर बहुतेक वेळा जिवाणूंनी सोडलेलं विष अन्नात आधीच तयार असतं.

पहिली चूक: गरम भाजी भगुन्यातच मुरू देणं

बटाटा मातीतला. त्याच्या सालीवर बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळण्याने मरत नाहीत. शिवाय उकडलेले बटाटे आपण हातांनी सोलतो. बोटाला कापलेलं असेल, नाक पुसलेला हात तसाच लागला असेल, तर स्टॅफिलोकॉकस हा दुसरा जिवाणू भाजीत येतो. दोघांनाही 5 ते 60 अंशांमधली ऊब मानवते. थंडीतसुद्धा अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि बाहेर 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाच किलोंची भाजी झाकणाखाली फार हळू निवते, आणि निवली तरी त्या स्वयंपाकघरात चाळीसच्या खाली जाणार कुठे? आमची भाजी तिथे दहा तास होती.

दुसरी चूक: खळखळून उकळलं की सगळं मरतं, असं समजणं

वाढलेले जिवाणू उकळण्याने बहुतेक मरतात, पण त्यांनी आधी सोडलेलं हे विष घरच्या आचेवर टिकून राहतं. म्हणून रात्री भाजी कितीही तापवली असती तरी उपयोग नव्हता. वास घेऊन किंवा चाखून ठरवण्यातही हाच धोका आहे. या विषाला वास नाही, चव नाही. त्या रात्रीची भाजी सगळ्यांना छानच लागली होती.

मग करायचं काय?

पंगत उठल्यावर नव्हे, भाजी उतरल्यावरच वेगळी काढा. लागेल तेवढी आचेवर वाफाळती ठेवा. बाकीची परातीत दोन बोटं जाडीने पसरा आणि परातीखाली गार पाण्याचं ताट ठेवा. वाफ गेली की उथळ डब्यांत भरून तासाभरात फ्रीजमध्ये. गरम अन्नाने फ्रीज बिघडतो म्हणून ते संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवू नका. कोमट डबा चालतो, फक्त डबे एकमेकांवर रचू नका. दोन-तीन दिवसांत संपवा. खायची तेवढीच काढून, मध्यापर्यंत वाफ येईस्तोवर एकदाच तापवा. लाइट गेली तर फ्रीज उघडू नका, बंद फ्रीज साधारण चार तास गार राहतो. घरी फ्रीजच नसेल, तर उन्हाळ्यात बटाट्याची भाजी एका जेवणापुरतीच करा.

हिरवट किंवा मोड आलेल्या बटाट्याची गोष्ट वेगळी. त्यातलं सोलॅनिन हे विष शिजवण्याआधीपासून असतं, उकळूनही फारसं जात नाही. थोडा हिरवा भाग आणि मोड खोलवर कापून टाका. बटाटा बराच हिरवा किंवा कडू असेल तर फेकून द्या.

पालकाबद्दलची चूक

पालकाची पातळ भाजी दुसऱ्यांदा तापवली की काळपट होते, आणि लोक तोच विषाचा पुरावा मानतात. उष्णतेने पानातल्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं, म्हणून रंग उतरतो. एवढंच. पालकात नायट्रेट मात्र भरपूर असतं. शिजलेली भाजी बाहेर उबेत राहिली की जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. इथेही काम आचेचं नाही, उबेत गेलेल्या तासांचं. फ्रीजमध्ये ही क्रिया फार मंदावते. धडधाकट माणसाला एरवी याची चिंता नको, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता नायट्राइटमुळे घटते. ओठ-नखं निळसर दिसू लागतात. ते दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पालक देऊच नये. त्यापुढच्या बाळासाठी पालक घोटला की लगेच भरवा, आणि दुपारी वाटीत उरलेला संध्याकाळसाठी ठेवू नका.