उन्हाळ्यातले उडदाचे पापड: शेजारच्या सूनबाईला पत्र

लातूर, चैत्र महिना

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

परवा गच्चीवर कपडे वाळत घालताना तू विचारलंस, "काकू, माझे पापड तळले तरी फुलत नाहीत. कड कडक होते आणि मध्ये चिवट राहतात. पीठच बिघडलं का?" तेव्हा दूध उतू जाईल म्हणून मी घाईत खाली आले. पण तुझे वाळत घातलेले पापड मी पाहिले होते. भर बारा वाजता, पत्र्यावर, एकेकाचा द्रोण झालेला. तुझं पीठ बिघडलं नव्हतं गं, ऊन जास्त झालं. दोन वर्षांपूर्वी मीही हीच चूक केली होती आणि 2 किलोचे पापड नुसते कडकडीत, न फुलणारे झाले होते. म्हणून सगळं नीट लिहून देते. एका किलोचं माप देते, पहिल्यांदा तेवढंच कर.

डाळ पांढरी, बिनपॉलिशची घे. इकडे उडीद भादव्यात निघतो, त्यामुळे चैत्रात मिळणारी डाळ तशी ताजीच असते. तरी दुकानात मूठभर हातात घेऊन बघ. भोकं पडलेली, पोरकिडे लागलेली डाळ असेल तर तिथेच ठेव. अशा डाळीच्या पिठाला चिकटपणा येत नाही आणि पापड लाटताना कडेला फाटतो. डाळ धुवायची नाही. ओल्या फडक्याने पुसून एक दिवस ऊन दे आणि मग दळायला ने. गिरणीत एक गोष्ट आवर्जून सांग: ज्वारीवर दळू नका. आपल्याकडे दिवसभर ज्वारीच दळली जाते, आणि जात्यात राहिलेलं ज्वारीचं पीठ मिसळलं की उडदाच्या पिठाचा ताण कमी होतो. हरभऱ्याची डाळ दळून झाल्यावर तुझी डाळ टाकायला सांग. पहिलं निघालेलं ओंजळभर पीठ बाजूला काढून घरच्या धिरड्याला वापर.

आता माप. उडदाचं पीठ 1 किलो, त्यातलं वाटीभर लाटायला बाजूला ठेव. पापडखार 40 ग्रॅम, मीठ 50 ग्रॅम, जाडसर कुटलेले काळे मिरे 20 ग्रॅम, हिंग 10 ग्रॅम. तिखट आवडत असेल तर लाल तिखट घाल, पण मी उडदाच्या पापडात मिऱ्यांशिवाय काही घालत नाही. पापडखार डोळ्यांच्या अंदाजाने कधी घेऊ नकोस. खारामुळे पीठ ताणलं जातं आणि पापड फुलतो, म्हणून तो कमी पडला तर पापड बसका होतो. जास्त झाला तर तळताना पापड लालसर पडतो आणि जिभेला साबणासारखी चव लागते. घरी बारीक वजन करायला काटा नसेल तर किराणा दुकानातूनच मोजून आण.

अर्धा लिटर पाणी उकळून त्यात खार आणि मीठ विरघळव. पाणी पूर्ण गार होऊ दे. तळाला गाळ बसतो, तो न हलवता वरचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घे. हा गाळ पिठात गेला तर पापड खाताना दाताखाली कचकच लागते. पिठात मिरे आणि हिंग कोरडेच मिसळ आणि हे पाणी थोडं थोडं घालत पीठ भिजव. सगळं पाणी लागेलच असं नाही. एका किलोला मला साधारण 400 मिली पुरतं, कधी थोडं जास्त. पीठ इतकं घट्ट असावं की मळताना हात दुखले पाहिजेत. सैल भिजवलेलं पीठ लाटायला सोपं जातं खरं, पण त्याचा पापड पोळपाटाला चिकटतो, मग आपण वरून पीठ भुरभुरत राहतो, आणि तेच पीठ पुढे कढईत जळून तेल काळं करतं. म्हणून पीठ घट्टच असू दे. तेलाचा हात लावून, ओल्या फडक्याखाली दोन तास झाकून ठेव.

यानंतरचं काम कष्टाचं आहे, पण ते टाळता येत नाही. पीठ कुटायचं. माझ्याकडे उखळ-मुसळ आहे, ते घेऊन जा. उखळ नको असेल तर पाट्यावर वरवंट्याने ठेच. मधूनमधून मुसळाला तेल लाव आणि गोळा उलटसुलट करत राहा. किती कुटायचं हे घड्याळावर ठरत नाही. गोळ्याचा पिवळट रंग उजळून पांढुरका होतो, आणि टोकाला धरून ओढलं की तुकडा न तुटता लांबत जातो. मध्ये कापून बघितलं तर कोरड्या पिठाची एकही रेघ दिसता कामा नये. हे झालं की डांगर तयार. पोरं तेव्हा भोवती घुटमळतातच. एकेकाला तेलात बुडवलेली लाटी दे, म्हणजे सुखाने लाटू देतील.

डांगराच्या अंगठ्याएवढ्या जाड वळकट्या कर आणि दोऱ्याने कापून लाट्या पाड. सुरीने कापल्या तर लाटी दाबली जाते, दोऱ्याने गोल राहते. लाटी मोठ्या सुपारीएवढी असावी. एका किलोत शंभराच्या वर पापड होतात. लाट्यांना तेल चोपडून डब्यात झाकून ठेव, एका वेळी पाच-सहाच बाहेर काढ. लाटताना मध्ये पातळ आणि कडेला जाड असा पापड करू नकोस. कडेची जाडी वाळायला उशीर लागतो आणि मधला भाग आधीच कोरडा पडतो. पापड उजेडासमोर धरला की खालची बोटं सगळीकडे सारखी दिसली पाहिजेत.

आणि आता ऊन. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, म्हणून हे जरा सावकाश वाच.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो. कुरडया, सांडगे यांना हे ऊन चालतं. उडदाचा ओला पापड मात्र थेट त्यात टाकला की वरची बाजू काही मिनिटांत सुकते आणि आकसते, खालची ओलीच राहते. म्हणून त्याचा द्रोण होतो. एकदा वर कडक साल धरली की आतलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही, तुझ्या पापडांचं मध्ये चिवट राहणं त्यातूनच आलं. दुसरी गोष्ट अशी की पापड पार कोरडा करायचाच नसतो. त्यात थोडा ओलावा उरला पाहिजे. गरम तेलात पडल्याबरोबर त्याच ओलाव्याची वाफ होते आणि ती पापडाला आतून फुलवते. दोन वर्षांपूर्वी मी तीन दिवस दुपारभर ऊन दिलं आणि तो ओलावाच घालवून बसले. ते पापड हातात घेतले की मोडायचे आणि तेलात जसेच्या तसे तरंगायचे.

यंदा मी कसं केलं ते सांगते. सकाळी सहाला पीठ भिजवलं, आठला कुटायला घेतलं, नऊ ते एक लाटलं. लाटलेला प्रत्येक पापड आतल्या खोलीत जुन्या सुती साडीवर पसरला. खिडक्या उघड्या ठेवल्या, पण पंखा लावला नाही, कारण पंख्याच्या वाऱ्यानेही कडा वर उचलल्या जातात. अर्ध्या-पाऊण तासाने पापड उलटले. संध्याकाळपर्यंत ते हाताला ओले लागेनासे झाले, पण वाकवले तर वाकत होते. तेव्हा दहा-दहाच्या चळती करून वर पाट ठेवला आणि रात्रभर तसेच ठेवले. यात दोन कामं होतात. पापड सपाट बसतात आणि मधला ओलावा कडेपर्यंत सारखा पसरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गच्चीवर बाज टाकली, तिच्यावर साडी आणि साडीवर पापड. पत्र्यावर किंवा तापलेल्या फरशीवर नको, खालून भाजल्यासारखे होतात. वरून पातळ ओढणी टाकून चारी टोकांना दगड ठेवले, आपल्याकडची धूळ आणि वावटळ तुला माहीतच आहे. अर्ध्या तासाने उलटले आणि नऊच्या आत खाली आणले. पुन्हा चळत, पुन्हा पाट. तिसऱ्या दिवशी असंच तासभर ऊन दिलं, आणि झालं. म्हणजे तीन दिवसांत पापडांनी खरं ऊन पाहिलं ते अडीच तास, तेही कोवळं.

पुरेसे वाळले की नाही हे कसं ओळखायचं? पापड दोन्ही हातांत धरून हलकेच वाकव. किंचित वाकून मग मोडला तर तयार. न मोडता घडी पडली तर अजून तासभर ऊन हवं. वाकवायच्या आधीच तुकडे झाले तर जास्त झालं. तसं झालं असेल तर सगळेच वाया गेले असं समजू नकोस. घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्यावर कोरडं फडकं घालून त्यावर चळत ठेव, वरून झाक आणि दोन तासांनी एक तळून बघ. माझे काही त्यातून सुधारले होते, तडे गेलेले मात्र तसेच राहिले.

दर दिवशी ऊन दिल्यावर एक पापड तळून पाहायचा, ही सवय ठेव. तेल चांगलं तापलेलं हवं. टाकल्याबरोबर पापड पसरला पाहिजे, झाऱ्याने दाबून दोन-तीन सेकंदांत बाहेर. तेल गार असेल तर चांगला पापडही तेलकट आणि चिवट होतो, आणि आपण उगाच पिठाला दोष देतो.

अवकाळी पावसाचं आभाळ दिसलं तर त्या दिवशी लाटायला बसूच नकोस. लाटून झाल्यावर भरून आलं तर घाबरू नकोस, पापड घरातच पसरून उलटत राहा, ऊन दुसऱ्या दिवशी दे. ओले असताना चळत मात्र लावू नकोस, एकमेकांना चिकटतात आणि बुरशी येते.

भरताना पापड सावलीत पूर्ण गार होऊ दे. कोमट भरले की डब्याच्या झाकणाला आतून दव धरतं. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, तळाला कागद, मध्ये हिंगाचा खडा. मृगाच्या आधी एकदा सकाळचं अर्धा तास ऊन दाखवलं की पावसाळ्यात सर्दावत नाहीत.

येत्या बुधवारी मी रिकामी आहे. तू मंगळवारी डाळ दळून आणून ठेव, मी पोळपाट आणि रेघांचं लाटणं घेऊन सकाळी येते. कुटायला तुझ्या नवऱ्यालाही बसव, उखळ जड आहे. उरलेल्या जुन्या पापडांतले पाच-सहा माझ्यासाठी काढून ठेव, फडक्यावर ठेवून सुधारतात का ते तुझ्यासमोरच बघू.

तुझी,
शेजारची काकू