बुलेट नको म्हटलं, तरी परत येत होते

आमच्या चॅटबॉटला एका ग्राहकाने लिहिलं, ‘बुलेट नकोत, सलग वाक्यांत सांगा.’ ते मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर उत्तरं ऐकतात. पुढचं उत्तर नीट आलं, पण थोड्या वेळाने पुन्हा बुलेटची यादी. कारण सापडलं: ‘वेब विंडो आहे, यादी नीट दिसेल’ हा आमचा अंदाज प्रत्येक संदेशासोबत नव्याने जात होता आणि त्यांचं वाक्य संभाषणात मागे पडत होतं.

आता सांगितलेली पसंती वेगळी साठवून त्या अंदाजानंतर जोडतो, सोबत स्पष्ट ओळ:

```
ग्राहकाची पसंती: बुलेट नकोत.
प्लॅटफॉर्मचा अंदाज पसंती नसेल तरच वापरा.
```

तपासायला मुद्दाम पायऱ्यांचा प्रश्न, तोही बऱ्याच संदेशांनंतर विचारावा. यादी तिथेच डोकावते. आता ‘आधी, मग, शेवटी’ असं सलग उत्तर येतं. ग्राहकाने स्वतः एखादा तक्ता मागितला, तर तेवढ्यापुरता तो द्यायचा.