या चुका टाळा: दातांच्या नसा आणि इन्फिरिअर अल्व्हिओलर ब्लॉकचं उत्तर

बीडीएस पहिल्या वर्षाचे पेपर तपासताना एक वाक्य मला दर वर्षी भेटतं: ‘खालच्या सगळ्या दातांना आणि हिरड्यांना इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह जाते.’ दातांपुरतं ते बरोबर आहे, पण हिरडीच्या बाबतीत नाही. आदल्या रात्री तक्ता पाठ करून आलेल्यांची गाडी हमखास इथेच अडकते, कारण दाताची नस आणि त्याच्याभोवतीच्या हिरडीची नस वेगळी असू शकते हे त्या तक्त्यात नसतं.

हे मला शिकवलं एका पेशंटने. मी तेव्हा इंटर्न होतो आणि उजवी खालची पहिली दाढ काढायची होती. ब्लॉक दिला, चार-पाच मिनिटांत काकांचा अर्धा ओठ जड झाला, जीभही बधिर झाली. मी खुशीत एलिव्हेटर घेतला. जिभेकडची हिरडी सुटली, काका शांत. गालाकडे एलिव्हेटर लावला आणि त्यांनी माझं मनगटच धरलं. मागून सीनियर म्हणाला, “बक्कल दिलंस का?” दिलं नव्हतं. दाढेच्या मागे गालाच्या बाजूला जेमतेम पाव मिली औषध गेलं आणि पुढचं काम निमूट झालं.

तर त्या एका दाढेला तीन नसा लागतात. दाताचा गाभा इन्फिरिअर अल्व्हिओलरकडे, जिभेकडची हिरडी लिंग्वलकडे आणि गालाकडची हिरडी बक्कल नर्व्हकडे. यातल्या पहिल्या दोन मँडिब्युलर नर्व्हच्या पोस्टेरिअर डिव्हिजनच्या, तर बक्कल अँटेरिअर डिव्हिजनची. म्हणूनच ती मुख्य ब्लॉकमध्ये सहसा सापडत नाही. उपदाढांपासून पुढे ओठाकडची हिरडी मेंटल नर्व्हकडे जाते. मी उत्तराच्या सुरुवातीलाच दात, बाहेरची हिरडी, आतली हिरडी असे तीन रकाने आखतो. पद्धत म्हणून कुणी शिकवलेली नाही, पण चुकायला जागा उरत नाही.

याच बक्कलला फेशियल नर्व्हची शाखा लिहिणारेही भरपूर. फेशियलची बक्कल शाखा बक्सिनेटर स्नायू हलवते. आपली बक्कल त्याच स्नायूतून आरपार जाते, पण त्याला हलवत नाही. ती फक्त संवेदना नेते.

आता ब्लॉक. इथे मुलं ‘मँडिब्युलर फोरामेनजवळ इंजेक्शन देतात’ एवढं लिहून मोकळी होतात. सुई कुठून कुठे जाते ते लिहा. पेशंटचं तोंड पूर्ण उघडं, सिरिंज विरुद्ध बाजूच्या उपदाढांवर टेकलेली. सुई कोरोनॉइड नॉच आणि टेरिगोमँडिब्युलर रॅफी यांच्यामध्ये, खालच्या दाढांच्या चावण्याच्या पातळीपेक्षा साधारण 6 ते 10 मिमी वर शिरते. ती बक्सिनेटर भेदून टेरिगोमँडिब्युलर स्पेसमध्ये जाते आणि मोठ्या माणसात 20 ते 25 मिमी खोलीवर हाडाला टेकते. मग सुई किंचित मागे घ्यायची, ॲस्पिरेट करायचं आणि सुमारे दीड मिली औषध मिनिटभर घेऊन सोडायचं.

‘हाडाला टेकते’ हे दोन शब्द गाळलेत तर मी मार्क कापतो. हाड लवकर लागलं तर सुई फार पुढे आहे. हाड लागलंच नाही तर ती फार मागे गेली. तिथे पॅरोटिड ग्रंथी आहे आणि तिच्या आत फेशियल नर्व्ह. औषध तिथे सोडलं की त्या बाजूचा डोळा मिटत नाही, तोंड वाकडं होतं, आणि पेशंटला वाटतं लकवा मारला. काही तासांत औषध उतरलं की चेहरा पूर्ववत होतो. तोवर डोळा कोरडा पडू नये म्हणून तो बोटाने मिटवत राहायचा किंवा झाकायचा. ही गुंतागुंत लिहिताना ‘फेशियल पाल्सी’ एवढाच शब्द टाकू नका. कारण लिहिलं तरच ते ॲनाटॉमीचं उत्तर.

फार खाली दिलेला ब्लॉक फसतो, कारण नस फोरामेनमधून आधीच हाडात शिरलेली असते.

इन्फिरिअर अल्व्हिओलरला ‘फक्त संवेदी’ म्हणू नका. फोरामेनच्या आधी तिच्यातून निघणारी मायलोहायॉइड शाखा दोन स्नायूंना हलवते.

ओठ बधिर झाला पण पुढचा खालचा दात दुखतोच, असं विचारलं तर मध्यरेषा ओलांडून येणारे पलीकडचे तंतू आठवा.

वरच्या जबड्यात लोक एकाच जागी पडतात: पहिली दाढ. पोस्टेरिअर सुपीरिअर अल्व्हिओलर दाढांची खरी, पण या दाढेचं पुढचं गालाकडचं मूळ बहुतेकदा मिडल सुपीरिअर अल्व्हिओलरकडे असतं, आणि ही मिडल शाखा सगळ्यांत नसतेही. नसेल तिथे ते मूळ आणि उपदाढा शेजारच्या शाखा सांभाळतात. टाळूकडची हिरडी ग्रेटर पॅलेटाइनकडे, पुढच्या दातांमागची नेझोपॅलेटाइनकडे. म्हणजे वरही तेच तीन रकाने आखायचे.