भाजक्या मातीच्या बैलाची संग्रहालयातली नोंद कशी लिहावी

समजा, कराडजवळ कृष्णाकाठच्या शेतात नांगरटीत भाजक्या मातीचा लहानसा बैल वर आला आणि साताऱ्यातल्या एखाद्या संग्रहालयात दाखल झाला. एक शिंग नाही, मागचा उजवा पाय तुटलेला. आधी तो नळाखाली धरायचा मोह आवरा. मातीखाली लाल लेपाचा किंवा रंगाचा अंश असू शकतो. मऊ ब्रशने सुटी धूळ काढली की पुरे.

माती आणि घडण. नुसते 'टेराकोटा' लिहून भागत नाही. तुटलेल्या पायाची कड भिंगाखाली पाहा. बाहेर लालसर आणि आत काळपट गाभा असेल, तर बहुधा भाजताना हवा किंवा वेळ कमी पडला. लांबट पोकळ्या दिसल्या तर मातीत भुसा मिसळला होता. तो जळून गेला. पोट-पाठीवरून शिवणीसारखी रेघ गेली असेल तर बैल दोन साच्यांत काढून जोडलेला आहे. रेघ नाही आणि बोटांच्या चिमटीचे ठसे आहेत, तर हाताने घडवलेला.

माप. लांबी, उंची, रुंदी जिथे सर्वांत जास्त भरते तिथे घ्या आणि सेंटिमीटरमध्ये एका दशांशापर्यंत लिहा. पुढे 'आहे त्या स्थितीत' हे शब्द हवेतच. शिंगाची उंची मनाने धरू नये.

कुठून आला. सर्वाधिक घोळ इथेच होतो. सापडल्याचे ठिकाण आणि देणाऱ्याचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाव, गट क्रमांक, अंदाजे खोली आणि हे कोणी सांगितले, एवढे लिहा. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची खबर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते; तो पत्रव्यवहार असेल तर त्याचा क्रमांकही जोडा. आगाशिवची प्राचीन लेणी जवळ आहेत म्हणून 'सातवाहनकालीन' लिहून टाकायची घाई नको. नांगराने थर उलटेपालटे होतात, त्यामुळे नुसत्या जागेवरून काळ ठरत नाही.

स्थिती. तुटलेली कड ताजी, स्वच्छ आणि धारदार असेल तर मोड नवी, बहुधा नांगराची. कडा झिजलेल्या आणि खाचांत माती घट्ट बसलेली असेल तर मोड जुनी. पांढरा थर दिसला तर जिथे लेप वा रंग नाही अशा कोपऱ्यात जेमतेम ओलसर कापसाचा बोळा टेकवा. विरघळला तर तो क्षार, म्हणजे लोणा. कोरड्या-दमट हवेच्या फेऱ्यांत तो पुन्हा फुलतो आणि पापुद्रे सुटतात. न विरघळणारा थर बहुधा चुन्याचा असतो.

आता नोंद अशी होईल:

> बैल. भाजकी माती, लालसर, गाभा काळपट, भुसामिश्रित, हाताने घडवलेला. लांबी ७.४, उंची ५.१, रुंदी ३.६ सेंमी (आहे त्या स्थितीत). कराड तालुका, शेतात नांगरताना, देणाऱ्याच्या सांगण्यावरून. काळ अनिश्चित. डावे शिंग नाही, मोड जुनी. मागचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही, मोड ताजी. वशिंडावर लोणा, नखाएवढा. पावसाळ्यानंतर पुन्हा पाहावे.