होकायंत्राविना महासागर ओलांडताना: या चुका टाळा

१ मे १९७६ रोजी हवाई बेटसमूहातील माउई बेटावरून ‘होकुलेआ’ नावाची सुमारे १९ मीटर लांबीची, जुळ्या सांगाड्यांची शिडाची होडी ताहितीकडे निघाली. तिच्यावर होकायंत्र, घड्याळ वा नकाशा यांपैकी काहीही वापरायचे नव्हते. मार्ग दाखवणारे माउ पियाइलुग हे मायक्रोनेशियातील सातावाल या छोट्याशा बेटाचे, म्हणजे प्रशांत महासागराच्या पार दुसऱ्या बाजूचे. तरीही सुमारे एका महिन्यात होडी ताहितीला पोचली. हवाई, ताहिती अशा बेटांवरचे पॉलिनेशियन लोक वाऱ्यावर आणि प्रवाहावर वाहत जाऊन योगायोगाने बेटांना लागले असावेत, असे तेव्हा काही अभ्यासक मानत असत. जाणूनबुजून आखलेला असा प्रवास शक्य आहे, हे या सफरीने दाखवले. हाच मार्ग समोर ठेवून पाहिले, तर होकायंत्राविना मार्ग काढण्याची ही विद्या कोठे चुकते आणि ती चूक कशी ओळखायची, हे नीट कळते.

पहिली चूक समुद्रात शिरण्यापूर्वीच होते, ती म्हणजे होडीची नाळ, म्हणजे तिचे पुढचे टोक, थेट गंतव्याकडे रोखणे. ताहिती हवाईच्या दक्षिणेला सुमारे ४,००० किलोमीटरवर आणि किंचित पूर्वेलाही आहे. विषुववृत्ताच्या उत्तरेला ईशान्येकडून आणि दक्षिणेला आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, आणि वाटेतले मुख्य प्रवाहही पश्चिमेकडेच ढकलतात. पश्चिमेकडे केवळ अर्ध्या नॉटची, म्हणजे ताशी जेमतेम एक किलोमीटरची ओढ धरली, तरी होडी दिवसाला सुमारे २२ किलोमीटर सरकते आणि महिनाभरात साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे जाते. मधल्या एका पट्ट्यात उलटा, पूर्वेकडे जाणारा प्रवाह थोडी भरपाई करतो, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही. प्रवाह डोळ्यांना दिसत नाही, कारण होडी आणि तिच्याभोवतीचे पाणी एकत्रच सरकत असतात. म्हणून सुरुवातीच्या दिवसांतच शक्य तितके वाऱ्याकडे, म्हणजे पूर्वेकडे सरकून घ्यायचे असते. पूर्वेला जास्त गेलो तर वारा पाठीशी घेऊन परतता येते. पश्चिमेला घसरलो तर वाऱ्याविरुद्ध झगडत परतावे लागते. शिवाय ताहिती या एकट्या बेटाला लक्ष्य करायचे नसते. त्याच्या ईशान्येला तुआमोतू प्रवाळबेटांची लांबच लांब रांग पसरलेली आहे. तिच्यातले कोणतेही ओळखीचे बेट सापडले की पुढचा मार्ग सोपा होतो.

ताऱ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ उंचीमुळे होतो. तारा क्षितिजावर ज्या जागी उगवतो, ती जागा वर्षभर बदलत नाही, आणि दिशा ठरवण्यासाठी तीच उपयोगी असते. स्वातीचे उदाहरण घ्या. हवाईच्या अक्षांशावर, सुमारे २० अंश उत्तरेला, स्वाती पूर्वेच्या २० अंश उत्तरेकडे उगवते. मात्र तिचा मार्ग तिरका असल्यामुळे सव्वादोन तासांत ती ३० अंश उंच चढते, तेव्हा पूर्वेच्या उत्तरेला केवळ ११ अंशांवर असते. तिला अजून उगवतीचीच स्वाती समजून होडी चालवली, तर नाळ नऊ अंश चुकीच्या दिशेला राहते. असे शंभर किलोमीटर गेल्यावर होडी वाटेपासून सुमारे पंधरा किलोमीटर दूर असते. त्यामुळे तारा थोडा वर आला की त्याला सोडून त्याच जागी उगवणारा पुढचा तारा धरतात, आणि रात्रभरात अशी ताऱ्यांची एक रांगच वापरली जाते. सातावाल ज्यांत मोडते त्या कॅरोलाइन बेटांवरचे शिक्षक या उगवती-मावळतीच्या जागा जमिनीवर खड्यांचे वर्तुळ मांडून मुलांकडून घोकून घेत.

सूर्याबाबतही अशीच एक चूक होते. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो, असे मे महिन्यात गृहीत धरले, तर दिशा जवळजवळ १९ अंशांनी चुकते. मेच्या मध्यावर सूर्य साधारणपणे स्वातीच्याच जागी उगवतो आणि महिन्याच्या अखेरीस आणखी उत्तरेला सरकतो. म्हणून सूर्योदयाची जागा पहाटेच्या ताऱ्यांशी ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये.

अक्षांश ओळखण्याच्या खुणा वेगळ्या असतात. हवाईवरून स्वाती बरोबर डोक्यावरून जाते; मुंबईही जवळपास त्याच अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्यातील रात्री आपल्याकडेही हे पाहता येते. दक्षिणेकडे ताहितीच्या जवळ गेल्यावर व्याध डोक्यावरून जातो. डुलणाऱ्या होडीवरून मान वर करून ‘डोक्यावर आला’ असे ठरवणे मात्र फसवे असते, आणि एक अंशाची चूक म्हणजे १११ किलोमीटर. परतीच्या प्रवासात त्रिशंकूची खूण अधिक खात्रीची ठरते. तो दक्षिणेला सरळ उभा असताना त्याच्या वरच्या आणि खालच्या ताऱ्यातील अंतर सुमारे सहा अंश असते. खालचा तारा क्षितिजापासून तेवढाच उंच दिसला, की हवाईचा अक्षांश आला. त्रिशंकू कललेला असताना हे माप घेऊ नये.

आभाळ झाकले गेले, की लाटांवर अवलंबून राहावे लागते. येथे नवशिक्या माणसाची नजर सर्वांत आधी फसते, कारण डोळ्यांना दिसतात त्या जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या आखूड, फेसाळ लाटा. वारा फिरला की त्याही फिरतात. दिशा धरायची असते ती दूरच्या वाऱ्यांनी वा वादळांनी उठवलेल्या लांब, संथ लाटेवर, कारण ती सहसा कित्येक दिवस दिशा बदलत नाही. अशा दोन-तीन लाटा एकमेकींना छेदत असतात, आणि त्या वेगळ्या करताना डोळ्यांपेक्षा शरीर जास्त कामी येते. माउ होडीच्या सांगाड्यात आडवे पडून तिचे डोलणे आणि मुरडणे अंगाने जाणून घेत. तिरपी लाट आली की होडी आधी एका कोपऱ्यावर उचलली जाते आणि मग दुसऱ्यावर. तो क्रम बदलला, तर एकतर होडी वळली आहे किंवा लाट बदलली आहे. नेमके काय झाले, हे ठरवण्यासाठी प्रत्येक सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला लाटेची दिशा नव्याने ताडून पाहायची असते. हा ताळा काही दिवस न घेता केवळ लाटेवर चालत राहणे धोक्याचे असते.

शेवटी पक्षी. कोणताही पक्षी दिसला म्हणजे जमीन जवळ आली, असे नसते. फ्रिगेट पक्षी दूरवर भटकतात आणि सोन चिखल्या तर महासागर ओलांडूनच स्थलांतर करते. खरा उपयोग होतो तो रात्री जमिनीवर परतणाऱ्या पांढरा सुरय आणि नॉडी या समुद्रपक्ष्यांचा. त्यांची साधी रीत अशी, की सकाळी ते जमिनीकडून समुद्राकडे जातात आणि संध्याकाळी जमिनीकडे येतात. नॉडी दिसणे म्हणजे बेट साधारण तीस-चाळीस किलोमीटरांच्या आत असणे. सुरय त्याहून बराच दूर जातो.

या रीतीलाही अपवाद आहे. १९८० मध्ये नाइनोआ थॉम्पसन हे हवाईचे तरुण मार्गदर्शक स्वतः ताहितीचा मार्ग शोधत होते आणि माउ सोबत होते. प्रवासाच्या अखेरीस सकाळी एक सुरय उडताना दिसला. सकाळ असल्यामुळे तो जमिनीकडून येत असणार, या हिशेबाने नाइनोआ यांनी त्याच्या विरुद्ध दिशेला जमीन असल्याचे ठरवले. माउ यांनी होडी वळवून पक्ष्याच्या मागे न्यायला सांगितले, आणि त्याच दिशेला बेट सापडले. नाइनोआ यांनी पुढे कारण विचारले, तेव्हा उलगडा झाला: पक्ष्याच्या चोचीत मासा होता. तो घरट्याचा हंगाम होता, आणि पिलांना भरवण्यासाठी पालक पक्षी सकाळीही जमिनीकडे परततात.