मिश्र वाइन निवडताना या चुका टाळा

बाटलीवर एकाच द्राक्षाचं नाव असलं की वाइन अस्सल आणि तीन-चार वाण लिहिले असले की उरलंसुरलं एकत्र केलेलं, ही समजूत आधी सोडा. फ्रान्समधल्या बोर्दोच्या मेदोक भागातल्या नावाजलेल्या लाल वाइन जवळजवळ सगळ्या मिश्र असतात, आणि त्या ठरवून केलेल्या असतात.

तिथला मुख्य वाण काबर्ने सोव्हिन्यों. याची साल जाड, त्यामुळे रंग गडद आणि तुरटपणा भरपूर, वाइन वर्षानुवर्षं टिकते. पण नुसती काबर्ने प्यायलात तर पहिला घोट जोरदार लागतो, शेवटी जीभ कोरडी पडते आणि मधेच चव पोकळ वाटते. ही पोकळी मर्लो नावाची दुसरी द्राक्षजात भरून काढते, कारण ती मऊ आणि गरदार असते. दुसरं कारण हवामानाचं. मर्लोला कोंब लवकर फुटतात, म्हणून वसंतातल्या हिमाचा धोका तिला जास्त. काबर्ने उशिरा पिकते, म्हणून शरदातला पाऊस तिला गाठतो. दोन्ही लावलेल्या शेतकऱ्याचं एखाद्या वाईट वर्षी सगळंच जात नाही. पती व्हेर्दो नावाची तिसरी जात तर आणखी उशिरा पिकते. ती बहुधा थोडीच घालतात, रंग आणि मसालेदारपणासाठी.

दुसरी चूक म्हणजे ‘प्रत्येकी सारखा भाग’ असं समजणं. प्रमाण दर वर्षी बदलतं. प्रत्येक वाण, कित्येकदा प्रत्येक तुकड्यातलं पीकही, वेगळं आंबवून ठेवतात आणि बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात चाखून जुळणी ठरवतात. जो भाग बसत नाही तो त्याच मालकाच्या दुय्यम वाइनमध्ये जातो.

हे घरी करून पाहा. काबर्ने आणि मर्लोच्या साध्या बाटल्या घ्या, मापाच्या नळीने एका पेल्यात ७५ मिली काबर्ने नि २५ मिली मर्लो घाला, दुसऱ्यात निम्मं-निम्मं, तिसऱ्यात नुसती काबर्ने. दहा मिनिटं थांबून चाखा. मधला भाग भरला पण शेवटचा तुरटपणा टिकला, तर मर्लोचं प्रमाण बरोबर. सगळंच गुळमुळीत झालं तर मर्लो जास्त झाली. व्हिनेगरसारखा वास येणारी वाइन मात्र मिसळू नका. दोष झाकला जात नाही, चांगलीही बिघडते.

लेबलाबाबत एक खुलासा: युरोपीय संघात एका वाणाचं नाव छापायला त्याचा वाटा किमान ८५ टक्के असावा लागतो, अमेरिकेत साधारणपणे ७५. म्हणजे ‘एकाच वाणाची’ वाइनही थोडी मिश्र असू शकते.

म्हणून मिश्रण नेहमीच सरस, असंही नाही. फ्रान्सच्याच बर्गंडी भागातल्या उत्तम लाल वाइन पिनो न्वार या एकाच द्राक्षजातीच्या असतात. तिचा सुगंध इतका नाजूक की काबर्नेसारखा दांडगा सोबती आला की तो दबून जातो.