कधीच लाल न होणारा चेक: प्रोजेक्ट रिपोर्टचं मॉडेल बांधताना

सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप सुरू केलेल्या, किंवा बँकेच्या कर्जासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट बनवण्याचं काम नुकतंच हातात घेतलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद, कॅश फ्लो तुम्हाला येतं असं धरते. इनपुट, कॅल्क्युलेशन आणि आउटपुट वेगवेगळ्या शीटवर ठेवावं, हेही कुणीतरी सांगितलेलं असेल. ते कसं ठेवायचं हे थोडक्यात सांगते आणि बाकीची जागा एका सापळ्याला देते, कारण त्या सापळ्याने माझ्या कित्येक रात्री खाल्ल्या.

आधी रचना. मी चार शीट करते: `Inputs`, `Calc`, `Output`, `Checks`. हाताने टाइप केलेला आकडा फक्त `Inputs` वर, निळ्या अक्षरात. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं एकक आणि तो कुठून आला ते: मशिनरीचं कोटेशन, मालकांनी सांगितलेली उधारी, बँकेचा दर. `Calc` वर फक्त सूत्रं. `Output` वर तर बेरीजही करायची नाही, `Calc` वरचे आकडे नुसते ओढून आणायचे. प्रत्येक बँकेचा नमुना वेगळा असतो. तो बदलला की `Output` बदलते, हिशोबाला हात लागत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पहिलं वर्ष सगळ्या शीटवर एकाच कॉलममध्ये असावं. माझ्याकडे ते E मध्ये असतं. एका ओळीत एकच सूत्र, E मध्ये लिहून उजवीकडे ओढलेलं. मधल्याच एखाद्या वर्षात कुणी सूत्रावर आकडा टाइप केला असेल, तर ती ओळ E पासून निवडून `Ctrl+\` दाबा. पहिल्या सेलशी न जुळणारे सेल एक्सेल स्वतः निवडून दाखवतं. दुसऱ्याची फाइल हातात आली की मी सगळ्यात आधी हेच करते.

आता सापळा.

आपल्याकडे मॉडेल सहसा कोऱ्या फाइलमधून सुरू होत नाही. 'मागच्या क्लायंटची फाइल घे आणि आकडे बदल' असं सांगितलं जातं. असं सांगणारे सिनियर वाईट नसतात, त्यांनाही घाई असते. पण माझं मत स्पष्ट आहे: नवशिक्याला जुनी फाइल देणं ही मदत नाही. त्या फाइलमध्ये काय दडलंय हे देणाऱ्यालाही आठवत नसतं.

समजा सांगलीत हळद पावडरचं एक युनिट आहे. आकडे सगळे लाखात, आणि नीट दिसावं म्हणून सोपे केलेले. मशिनरी आणि शेड मिळून १००, मुदत कर्ज ७५, मालकांचं भांडवल ३५. म्हणजे उभारणी झाल्यावर हातात १० लाख रोख. पहिल्या वर्षाची विक्री १४६, व्याज आणि घसारा सोडून खर्च १०८.५, घसारा १५, कर्जावर १० टक्क्यांनी व्याज ७.५. करपूर्व नफा १५, कर ४.५ धरला, निव्वळ नफा १०.५. कर्जाचा वार्षिक हप्ता १५. व्यापारी ६० दिवसांच्या उधारीवर माल उचलतात, म्हणून वर्षाअखेरची येणी १४६ × ६० ÷ ३६५ = २४. साठा आणि मालाची देणी इथे बाजूला ठेवली आहेत.

जुन्या फाइलच्या कॅश फ्लोमध्ये येणी वाढल्याची ओळच नव्हती, कारण आधीचा क्लायंट रोखीने विकणारा होता. म्हणून फाइल असा हिशोब करते: सुरुवातीची रोख १०, अधिक नफा १०.५, अधिक घसारा १५, वजा हप्ता १५, शिल्लक २०.५. ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला मशिनरी ८५, येणी २४, रोख २०.५, एकूण १२९.५. दुसऱ्या बाजूला भांडवल आणि नफा मिळून ४५.५, कर्ज ६०, एकूण १०५.५. फरक २४.

तरीही चेकचा सेल हिरवाच. कारण देण्यांमध्ये 'इतर चालू देणी' नावाची साधीशी ओळ होती आणि तिचं सूत्र असं:

```
=E40-SUM(E44:E47)
```

E40 म्हणजे एकूण मालमत्ता, E44 ते E47 म्हणजे बाकीची देणी. बॅलन्सिंग फिगर. जितका फरक पडेल तितकी देणी ही ओळ स्वतःच तयार करते. त्याखाली बसलेला चेक मालमत्तेतून देणी वजा करतो आणि शून्य दाखवतो. तो शून्यच दाखवणार. तुम्ही येणी दुप्पट करा, कर्ज पुसून टाका, तो हिरवाच राहील. यातला सगळ्यात घातक भाग हा की चेक मुळीच नसता तर तुम्ही स्वतः जुळवून पाहिलं असतं. तो हिरवा दिसतो म्हणून तुम्ही पाहत नाही. आणि बँकेकडे जाणाऱ्या कागदावर २४ लाखांची अशी देणी छापली जातात, जी कुणी कुणाला देणं लागत नाही.

ही ओळ ओळखायची कशी? ताळेबंदाच्या प्रत्येक ओळीवर जाऊन `Ctrl+[` दाबा. ते सूत्र कुठून आकडा घेतंय तिथे एक्सेल नेतं. रोख कॅश फ्लोच्या अखेरच्या शिलकीतून आली पाहिजे, कर्ज कर्जाच्या तक्त्यातून, येणी येण्यांच्या तक्त्यातून. एखादी ओळ ताळेबंदाच्याच एकूण बेरजेकडे गेली, तर ती बॅलन्सिंग फिगर. काही फाइलींमध्ये हेच काम रोखीच्या ओळीला दिलेलं असतं, आणि तेव्हा ते आणखी साळसूद दिसतं. काढून टाका. ताळेबंद जुळेनासा होईल, पोटात गोळा येईल, पण आता समोर खरा आकडा आहे.

आणि खरा फरक बरंच काही सांगतो, म्हणून घाबरू नका. आधी तो कोणत्या वर्षात पहिल्यांदा येतो ते बघा. चूक त्याच वर्षाच्या कॉलममध्ये शोधायची. तो पुढच्या सगळ्या वर्षांत तेवढाच राहिला, तर चूक एकदाच झालेली आहे. दरवर्षी बदलत गेला, तर एखादी ओळ दरवर्षी सुटतेय. आपल्या उदाहरणात दुसऱ्या वर्षी विक्री २० टक्क्यांनी वाढून १७५.२ होते, येणी २८.८ होतात आणि फरकही २८.८ होतो. फरक येण्यांच्या शिलकीबरोबर चालतोय, म्हणजे सुटलेली ओळ तीच. फरक ४८ आला असता तर त्याचा अर्धा, २४, शोधायचा. कारण बेरीज-वजाबाकीचं चिन्ह उलटं पडलं की फरक दुप्पट येतो.

कॅश फ्लोमध्ये येण्यांची वाढ वजा केली की रोख होते २०.५ − २४ = −३.५. मालमत्ता ८५ + २४ − ३.५ = १०५.५. जुळला.

पण इथे थांबू नका, कारण रोख उणे आहे. युनिट नफ्यात आहे आणि वर्षाअखेरीस खात्यात पैसे नाहीत. बँकेला हवा असतो तो डीएससीआर, म्हणजे कमाईतून व्याज आणि हप्ता कितपत भागतो हे दाखवणारं गुणोत्तर, काढला तर (१०.५ + १५ + ७.५) ÷ (७.५ + १५) = १.४७, म्हणजे दिसायला ठीक. या सूत्रात उधारीत अडकलेला पैसा येतच नाही. म्हणून ताळेबंदाच्या चेकवर विसंबून चालत नाही. रोख उणे होते का, याचा वेगळा चेक लागतो. तो पेटला की मालकांशी खरं बोलणं सुरू होतं: उधारी कमी करता येईल का, की कॅश क्रेडिट मागायचं? येण्यांच्या ७५ टक्के, म्हणजे १८ लाखांची मर्यादा धरली तर रोख १४.५ होते, त्यावरचं व्याज यातून अजून जायचं आहे.

ही मर्यादा येण्यांवरून ठरवा. 'तूट असेल तितकं कॅश क्रेडिट' असं सूत्र लिहिलंत तर तुटीवर व्याज, व्याजामुळे तूट, असं चक्र तयार होतं आणि एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची सूचना देतं. ती घालवण्यासाठी इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू करायचा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. एकदा `#REF!` किंवा `#DIV/0!` त्या चक्रात शिरला की मूळ चूक सुधारली तरी तो फिरतच राहतो.

आता `Checks` शीट. प्रत्येक चेकला एक ओळ, वर्षं त्याच कॉलममध्ये, चूक असेल तर १, नसेल तर ०:

```
=IF(ISERROR(Calc!E40-Calc!E50),1,
 IF(ABS(Calc!E40-Calc!E50)>Inputs!$C$4,1,0))
```

`ISERROR` इथे हवं, कारण मॉडेलमध्ये `#REF!` आला तर चेकने गप्प न बसता १ द्यावा. उलट `Calc` वर `IFERROR(...,0)` कुठेही नको. तिथे तो चूक शून्याखाली झाकतो. `Inputs!$C$4` मध्ये चालवून घ्यायचा फरक आहे. दशांशांच्या हिशोबात एक्सेलमध्ये अगदी सूक्ष्म फरक उरतो, म्हणून थेट शून्याशी तुलना करायची नाही. पण एकक विसरू नका: आकडे लाखात असताना ०.०१ म्हणजे हजार रुपये. मी ०.००००१ ठेवते, म्हणजे एक रुपया. चेक हिरवा करायला कुणी हा आकडा वाढवत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

माझ्या शीटवर किमान चार चेक असतात: ताळेबंद, रोख उणे नाही, कर्जाची शेवटच्या वर्षाची शिल्लक शून्य, आणि प्रकल्पाचा खर्च व त्यासाठी उभारलेला पैसा जुळतो. त्या सगळ्यांची बेरीज `Checks` वरच एका सेलमध्ये, आणि तो आकडा `Output` च्या माथ्यावर ओढून आणलेला, प्रिंटमध्ये येईल असा. इथे एक धोका उरतो. बेरजेच्या पट्ट्याखाली नवी ओळ घातली तर ती बेरजेत येईलच असं नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या सरकारी कर्जावरच्या प्रसिद्ध निबंधात सरासरीचा पट्टा पाच ओळी आधीच संपला होता आणि पाच देश सुटले. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ फाइल मागवून घेतल्यावर ते उघड झालं. म्हणून शेवटी एक रिकामी ओळ बेरजेत धरून ठेवा आणि नवा चेक तिच्या वर घाला.

फाइल पाठवण्याआधी चेकची परीक्षा घ्या. एक प्रत काढा. तिसऱ्या वर्षाच्या येण्यांच्या वाढीवर, कॅश फ्लोमध्ये, ५ टाइप करा: ताळेबंदाचा चेक तिसऱ्या वर्षापासून पेटला पाहिजे. `Inputs` मध्ये उधारी १२० दिवस आणि कॅश क्रेडिटचा टक्का शून्य करा: आता ताळेबंद जुळलेलाच राहिला पाहिजे आणि फक्त रोखीचा चेक पेटला पाहिजे. पहिल्या वेळी काहीच पेटलं नाही, तर कुठेतरी बॅलन्सिंग फिगर अजून जिवंत आहे. पुन्हा `Ctrl+[`, ओळीमागून ओळ.